महर्षिः : संधी सोडवताना ‘महा + ऋषिः’ आणि समासात ‘महान् ऋषिः’, असे का?

गोदाकाठची

नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे आणि तिचे संपूर्ण संस्कृत आहे. परवाच्या सराव परीक्षेत एकच शब्द दोन प्रश्नांत आला होता. पहिल्या प्रश्नात ‘महर्षिः’ या शब्दाचा संधिविग्रह करून संधीचे नाव लिहायचे होते, तर दुसऱ्यात त्याच शब्दाचा समासविग्रह करून समासाचे नाव लिहायचे होते. तिने संधीच्या प्रश्नात ‘महान् + ऋषिः, गुणसंधी’ असे लिहिले आणि समासाच्या प्रश्नात ‘महा ऋषिः, कर्मधारय’ असे लिहिले. दोन्ही नावे बरोबर असूनही दोन्ही विग्रहांवर लाल रेघ आली आहे. उत्तरपत्रिका पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की तिने दोन्ही उत्तरे फक्त अदलाबदल करून लिहिली होती.

ती मला विचारते की शब्द एकच असताना त्याचे तुकडे दोन प्रकारचे कसे होतात. माझे संस्कृत शाळेतच सुटले, त्यामुळे “सर सांगतात तसे लिही” यापलीकडे मला उत्तर देता आले नाही. कोणी नीट समजावून सांगू शकेल का?

अडाणी_पंडित

मुलीला दोन्ही उत्तरे येत होती, फक्त ती चुकीच्या घरी राहायला गेली. आमच्या काळी अशा वेळी बाण काढून उत्तरे फिरवता येत असत.

पाटीपेन्सिल

मी तीस वर्षे संस्कृत शिकवले आहे, म्हणून थोडे लिहितो. खरे तर ‘महा + ऋषिः’ हा विग्रह मलाही कधी पटला नाही, कारण ‘महा’ असा स्वतंत्र शब्द संस्कृतात चालवला जात नाही. मूळ शब्द ‘महत्’ आहे, आणि संधी नेहमी मूळ शब्दांचा दाखवावा. त्यामुळे मी विद्यार्थ्यांकडून ‘महत् + ऋषिः’ असे लिहून घेत असे. येथे आधी त् या व्यंजनाचा लोप होतो, मागचा अ दीर्घ होतो आणि मग गुण होतो, म्हणजे व्यंजनसंधी आणि स्वरसंधी दोन्ही आहेत. मुलीचे ‘महान्’ मात्र चूकच आहे, कारण ते प्रथमेचे रूप आहे.

कौमुदीवाचक

पाटीपेन्सिल सरांची शंका योग्य जागी आहे, परंतु उत्तराशी मी सहमत नाही. त् गाळून मागचा अ दीर्घ करणारा कोणताही संधिनियम नाही. महत् आणि ऋषिः हे नुसते शेजारी ठेवले, तर जगत् + ईशः याचे जसे जगदीशः होते, तसे त् चा द् होऊन ‘महदृषिः’ होईल.

गोदाकाठची ताई, मुलीला आधी एक साधी सवय लावा. संधी सोडवला की आपलेच तुकडे पुन्हा जोडून पाहायचे. तिने लिहिलेले ‘महान् + ऋषिः’ जोडले तर काय मिळते? न् च्या मागे दीर्घ आ आहे, त्यामुळे ‘तस्मिन् + एव = तस्मिन्नेव’ यासारखे न् चे द्वित्वही होत नाही. न् सरळ पुढच्या स्वराला चिकटतो आणि ‘महानृषिः’ असे रूप मिळते. ते वाक्यात अगदी शुद्ध आहे, पण तो प्रश्नातला शब्द नव्हे. ‘महा + ऋषिः’ जोडल्यावर मात्र आ आणि ऋ मिळून अर् होतो, आणि नेमके ‘महर्षिः’ हाती येते. म्हणून संधीच्या प्रश्नाचे उत्तर ‘महा + ऋषिः, गुणसंधी’ हेच आहे.

आता ‘महा’ कोठून आला? तो संधीने आलेला नाही, समासाने आलेला आहे. क्रम असा लागतो. आपल्या मनात अर्थ असतो ‘महान् ऋषिः’. या दोन पदांचा समास करायचे ठरवले की दोन्ही पदांच्या विभक्ती गळतात आणि ‘महत् ऋषि’ एवढे उरते. मग पाणिनीचे एक सूत्र लागते, ‘आन्महतः समानाधिकरणजातीययोः’ (६.३.४६). ते महत् च्या शेवटच्या त् च्या जागी आ आणते. मह आणि आ मिळून महा झाले, आणि आता कोठे संधीची पाळी आली. ‘आद्गुणः’ (६.१.८७) या सूत्राने महा आणि ऋषि जोडले गेले, आणि शेवटी अख्ख्या शब्दाला नवी विभक्ती लागून ‘महर्षिः’ तयार झाला.

समासविग्रह विचारला की या प्रवासाची सुरुवात लिहायची, आणि संधिविग्रह विचारला की शेवटून दुसरा टप्पा लिहायचा. शब्द एकच असूनही तुकडे वेगळे दिसतात ते यामुळेच.

स्पर्धार्थी

माझ्या राज्यसेवेच्या तयारीच्या पुस्तकात ‘महा + ऋषी = महर्षी’ असे दीर्घ दिले आहे आणि येथे सगळेजण ऱ्हस्व लिहीत आहेत. परीक्षेत नेमके कोणते लिहावे? कृपया लवकर सांगावे.

तुंगभद्रा

स्पर्धार्थी, येथे प्रश्न संस्कृतच्या पेपरचा चालला आहे. मराठीत तत्सम शब्दाचा अन्त्य इकार दीर्घ लिहितात, म्हणून मराठीच्या पेपरात ‘महर्षी’ हेच योग्य आहे. संस्कृतात मूळ शब्द ‘ऋषि’ असा ऱ्हस्व आहे. मराठीतही तो समासात आधी आला की ऱ्हस्वच राहतो, म्हणून ‘ऋषिपंचमी’ असे लिहावे. तुमच्या पुस्तकात संधी बरोबर सोडवला आहे, फक्त शब्द मराठी आहेत.

कौमुदीवाचक यांच्या उत्तरात मला एक अडचण दिसते. “जोडून पाहा” ही कसोटी ‘महान्’ला पकडते, परंतु ‘राजर्षिः’ या शब्दावर ती फसते. एखाद्या मुलाने ‘राजा + ऋषिः’ असा संधी सोडवला तर जोडून ‘राजर्षिः’च मिळेल, कारण आ आणि ऋ मिळूनही अर् आणि अ आणि ऋ मिळूनही अर्. तरीही समासातील पूर्वपद ‘राजा’ नाही, ‘राज’ आहे. मग मुलाने ते ओळखावे कसे?

कौमुदीवाचक

आपला आक्षेप मान्य आहे. परत जोडण्याची कसोटी चुकीचे उत्तर बाद करते, परंतु बरोबर उत्तर एकटीने सिद्ध करू शकत नाही.

अशा वेळी मी मुलांना दुसरी एक युक्ती सांगतो. पहिले पद तेच ठेवायचे आणि त्याच्यापुढे व्यंजनाने सुरू होणारा एखादा ओळखीचा शब्द असलेला समास आठवायचा. व्यंजनापुढे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे पूर्वपदाचा शेवट उघडा दिसतो. ‘राजपुत्रः’ आठवला की ‘राज’ दिसतो, ‘राजा’ नाही, म्हणून राजर्षिः हा ‘राज + ऋषिः’. ‘महापुरुषः’ आठवला की ‘महा’ दिसतो. ‘ब्रह्मचारी’ आठवला की ‘ब्रह्म’ दिसतो, म्हणून ब्रह्मर्षिः हा ‘ब्रह्म + ऋषिः’.

राजन् आणि ब्रह्मन् यांचा न् समासात पूर्वपद झाल्यावर गळतो, एवढेच येथे घडले आहे. तेही संधीचे काम नाही, त्यामुळे संधीचे नाव लिहिताना त्याचा उल्लेख करायचा नाही.

अडाणी_पंडित

म्हणजे ‘राजर्षी शाहू महाराज’ या नावात राजन् दोनदा आला आणि दोन्ही वेळा न् हरवून बसला, असे समजायचे का?

कौमुदीवाचक

पंडितजी, आपण विनोदात फार चांगले उदाहरण दिलेत. परंतु न् दोन वेगळ्या कारणांनी गेला आहे. ‘राजर्षि’मध्ये राजन् आधी आहे, म्हणून नुसता न् गळला. ‘महाराज’मध्ये राजन् शेवटी आहे. तेथे तत्पुरुषाच्या शेवटी येणाऱ्या राजन् ला ‘राजाहःसखिभ्यष्टच्’ (५.४.९१) या सूत्राने अ हा प्रत्यय लागतो आणि शब्द अकारान्त बनतो. म्हणून संस्कृतात एकटा ‘राजा’, परंतु समासात ‘महाराजः’ असे देवासारखे चालते. विग्रह मात्र ‘महान् राजा’ असाच लिहायचा. तेथे कोणी ‘महान् राजः’ लिहिले तर गुण जातात, आणि ही चूक मी महाविद्यालयातही पाहिली आहे.

नारळीपौर्णिमा

मी फोंड्याची आहे आणि शेजारच्या मुलांची शिकवणी घेते. माझा अनुभव असा आहे की मुलांची खरी अडचण याच्याही आधी सुरू होते. आपण सगळे ऋ चा उच्चार ‘रु’ असा करतो. मुलाच्या कानाला ‘महा’ आणि ‘रुषी’ ऐकू येते. त्यामुळे त्याला वाटते की येथे र हे व्यंजन आधीपासूनच होते, त्याचा रफार झाला आणि ‘हा’चा ‘ह’ का झाला हे कोडे आहे. ऋ हा स्वर आहे हेच त्याच्या मनात नसल्याने तो ‘व्यंजनसंधी’ असे लिहून मोकळा होतो.

माझ्याकडे एका मुलाने ‘देव + र्षिः’ असा विग्रह केला होता. मी त्याला फळ्यावर ‘महर्षिः’चे सुटे वर्ण लिहायला लावले, म्, अ, ह्, अ, र्, ष्, इ आणि विसर्ग. मग ‘महा’ आणि ‘ऋषिः’ यांचेही वर्ण वर लिहून घेतले. कोणता वर्ण गेला आणि कोणता आला हे त्याने बोट ठेवून दाखवले, तेव्हा आ आणि ऋ असे दोन स्वर गेले आणि अ आणि र् असे दोन वर्ण आले हे त्याला दिसले. नियमाचे नाव मी त्यानंतरच सांगितले.

आता माझी शंका. अ आणि इ मिळून ए होतो, अ आणि उ मिळून ओ होतो, तेथे एकच स्वर येतो. मग ऋ च्या वेळी अर् असे दोन वर्ण का येतात?

तुंगभद्रा

संस्कृतात गुण म्हणजे अ, ए आणि ओ हे तीनच वर्ण आहेत. इ च्या जागेचा विचार केला की ए जवळचा, उ च्या जागेचा केला की ओ जवळचा. ऋ ला मात्र जवळचा असा कोणी उरत नाही, म्हणून अ येतो. ऋ च्या जागी अ, इ किंवा उ येतो तेव्हा तो र् ला मागे घेऊनच येतो असे पाणिनीने स्वतंत्रपणे सांगून ठेवले आहे, ते ‘उरण् रपरः’ (१.१.५१) हे सूत्र. म्हणून अर्. शाळेत या सूत्राचे नाव विचारत नाहीत, ‘गुणसंधी’ एवढे पुरते.

पाटीपेन्सिल

कौमुदीवाचक यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. महदृषिः हे रूप मी कधी जोडून पाहिले नव्हते, हे मान्य करतो. त् चा लोप संधीने होत नाही, तेव्हा माझे ‘दोन संधी’ मागे घेतो.

तरीही एक सांगतो. समासात महत् चा महा होतो असा नियमच असेल, तर ‘महत्सेवा’ हा शब्द कसा झाला? भागवतात ‘महत्सेवां द्वारमाहुर्विमुक्तेः’ असे आहे. तेथे ‘महासेवा’ का नाही?

कौमुदीवाचक

सर, हा प्रश्न या धाग्यातील सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर त्या सूत्रातच आहे. सूत्रात ‘समानाधिकरण’ हा शब्द आहे. महर्षिः म्हणताना जो महान् आहे तोच ऋषी आहे, दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात, म्हणून आ झाला. महत्सेवा म्हणजे ‘महतां सेवा’, थोर माणसांची सेवा. येथे महान् आहेत ती माणसे वेगळी आणि सेवा वेगळी, म्हणून महत् तसाच राहिला. हा षष्ठी तत्पुरुष आहे. काशिकेत याच सूत्रावर ‘महतः पुत्रः, महत्पुत्रः’ असे प्रत्युदाहरण दिले आहे.

म्हणजे एखाद्याने ‘महासेवा’ असा शब्द घडवला तर त्याचा अर्थ ‘मोठी सेवा’ असा होईल. महत् की महा एवढे पाहूनच समास षष्ठी तत्पुरुष आहे की नाही हे कळते, आणि अशी सोय फार थोड्या शब्दांत मिळते.

बहुव्रीहीतही दोन पदे एकाच गोष्टीबद्दल असतात, म्हणून तेथेही महा होतो. ‘महात्मा’ हा ‘महान् आत्मा यस्य सः’. संधी मात्र तेथे गुण नाही, महा आणि आत्मा यांचा सवर्णदीर्घ आहे. महर्षिः आणि महात्मा यांचे समास वेगळे आणि संधीही वेगळे, परंतु महा येण्याचे कारण एकच.

अडाणी_पंडित

मग मराठीत आपण ‘महदाश्चर्य’, ‘महद्भाग्य’ आणि ‘महत्प्रयासाने’ म्हणतो त्याचे काय? जे आश्चर्य आहे तेच महान् आहे. पाणिनीच्या हिशेबाने ‘महाश्चर्य’ व्हायला हवे होते. यावेळी मी विनोद करत नाही.

तुंगभद्रा

‘महदाश्चर्यम्’ हे संस्कृतात दोन सुटी पदे आहेत. आश्चर्य नपुंसकलिंगी असल्याने विशेषण ‘महत्’ असे येते, त् चा द् होतो आणि पदे लिहिताना जोडली जातात. गीतेत ‘मम योनिर्महद्ब्रह्म’ असे आहे, तेथेही समास नाही, नुसता संधी आहे. म्हणून ‘महदाश्चर्यम्’ समासाच्या प्रश्नात आला तर प्रश्नच चुकीचा आहे, आणि संधीच्या प्रश्नात आला तर ‘महत् + आश्चर्यम्, व्यंजनसंधी’ हे उत्तर. महद्भाग्याचेही तसेच.

‘महत्प्रयासाने’चा उलगडा मात्र मला होत नाही. प्रयास पुल्लिंगी आहे, तेथे सुटे पद ‘महान्’ हवे होते आणि समासात ‘महा’ हवा होता.

कौमुदीवाचक

मला वाटते मराठीने ‘महत्’ हे स्वतःचे विशेषण म्हणून घेतले आणि लिंगाकडे न पाहता पुढे जोडले. त्याला संस्कृतच्या सूत्रांत बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. मराठीत तो रूढ आहे, संस्कृतच्या उत्तरपत्रिकेत तो लिहू नये.

पाटीपेन्सिल

मी येथे असहमत आहे. तत्सम शब्दांनी बनलेला समास तत्सम नियमांनीच व्हावा. परंतु ‘महाप्रयासाने’ असे मीही आयुष्यात कधी म्हटलेले नाही, त्यामुळे माझी बाजू दुबळी आहे हेही जाणतो.

नारळीपौर्णिमा

याच घराण्यातला ‘सप्तर्षयः’ राहिला. आमच्या एका पुस्तकात तो द्विगु म्हणून दिला आहे. संधी ‘सप्त + ऋषयः, गुणसंधी’ हे मला पटले, कारण सप्तपदीमध्ये सप्त दिसतोच. परंतु समास द्विगु का, हे मी मुलांना सांगू शकले नाही. गुरुजी तर पूजेत ‘सप्तऋषी’ असे सुटे म्हणतात, तेही चूक समजायचे का?

तुंगभद्रा

सुटे म्हणणे चूक नाही. ऋ पुढे असताना हा संधी न करण्याची मुभा ‘ऋत्यकः’ (६.१.१२८) या सूत्राने दिली आहे, आणि कौमुदीत समासातले उदाहरण म्हणून ‘सप्तऋषीणाम्’ हेच दिले आहे.

द्विगुबद्दल माझे मत असे की पुस्तकातील उत्तर सोयीचे आहे, नेमके नाही. पंचवटी म्हणजे पाच वडांचा समूह, म्हणून तो शब्द एकवचनी आहे. त्रिभुवनम् आणि सप्तशती यांचेही तसेच. सप्तर्षयः हा बहुवचनी आहे, तेथे समूह हा अर्थ मुख्य नाही, ते त्या सात ऋषींचे ठरलेले नाव आहे. अशा नावांसाठी ‘दिक्संख्ये संज्ञायाम्’ (२.१.५०) हे वेगळे सूत्र आहे आणि सप्तर्षयः हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. म्हणून तो संख्यापूर्वपद कर्मधारय.

पाटीपेन्सिल

शास्त्र बरोबर आहे, परंतु तपासनीस म्हणून सांगतो, शाळेच्या पातळीवर पहिले पद संख्या असले की द्विगु असेच शिकवले जाते आणि तेच उत्तर नमुना उत्तरपत्रिकेत असते. मुलांनी गुण घालवून पाणिनीची बाजू घ्यावी असे मी सांगणार नाही.

तुंगभद्रा

आणि मी मुलांना चुकीचे नाव पाठ करायला सांगणार नाही. येथे आपले जमणार नाही, सर.

गोदाकाठची

सर्वांचे आभार. पंचवटीत राहून पंचवटीचा विग्रह मला आज कळला.

काल मुलीला समोर बसवून कौमुदीवाचक यांचा क्रम वाचून दाखवला. तिने वहीत महान् ऋषिः, महत् ऋषि, महा ऋषि, महर्षिः असे एकाखाली एक लिहिले, पहिल्या ओळीसमोर ‘समास’ आणि तिसरीसमोर ‘संधी’ अशी खूण केली आणि दोन्ही लाल रेघा योग्य असल्याचे स्वतःच मान्य केले. शिक्षकांनाही विचारले. त्यांनी ‘महत् + ऋषिः’ लिहिले असते तरी गुण दिले नसते असे सांगितले.

त्यानंतर तिने स्वतःहून ‘देवर्षिः’ घेतला. संधी ‘देव + ऋषिः’ पटकन लिहिला, परंतु समासापाशी अडली. देव असलेला ऋषी म्हणून ‘देवः च असौ ऋषिः च’ असा कर्मधारय, की देवांचा ऋषी म्हणून ‘देवानाम् ऋषिः’ असा षष्ठी तत्पुरुष? महत् सारखी खूण येथे पूर्वपदात नाही, कारण देव दोन्हीकडे देवच राहतो.

कौमुदीवाचक

तिची अडचण खरी आहे. रूपावरून येथे निर्णय होत नाही, दोन्ही विग्रह व्याकरणाने चालतात. गीतेत ‘देवर्षीणां च नारदः’ म्हटले आहे, तेथे राजर्षी आणि ब्रह्मर्षी यांच्या जोडीने ऋषींचा एक वर्ग अभिप्रेत आहे असे धरले तर कर्मधारय मला जवळचा वाटतो. परीक्षेत तिने ज्या पाठातून शब्द आला आहे तेथला अर्थ पाहून लिहावे.

अडाणी_पंडित

नारद स्वतः दोन्हीकडे ये-जा करत असल्यामुळे त्यांचा समासही एका जागी बसत नाही.

पाटीपेन्सिल

मी षष्ठी तत्पुरुष लिहून घेत असे. उद्या जुन्या वह्या काढून पाहतो.